इंजिनाचा पिवळा दिवा आणि चौघांचा हिशेब

मालगुंडहून रत्नागिरीला आम्ही चौघं एकाच गाडीने जातो. गाडी चौघांच्या पैशांची. 2022 साली सेकंडहँड घेतलेली, 2017 चं मॉडेल, पेट्रोल, बीएस-4. कागदोपत्री ती सुहासदादांच्या नावावर आहे. ते बँकेत आहेत, विद्याताई दवाखान्यात नर्स, मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत. चौथा मकरंद. आधीच्या भागीदाराची बदली झाली तेव्हा त्याचा हिस्सा मकरंदने घेतला, आणि तो आठवड्यातले तीनच दिवस येतो. पेट्रोल ज्याच्या-त्याच्या फेऱ्यांप्रमाणे, विमा-टायर-सर्व्हिसिंग चौघांत सारखं, आणि रविवारी कुणाला घरच्या कामाला गाडी हवी असेल तर पेट्रोल स्वतःचं घालून न्यायची. एवढ्या नियमांवर तीन वर्षं सुरळीत गेली. मग गेल्या नोव्हेंबरात इंजिनाचा दिवा लागला, आणि या नियमांत कुठेच न बसणारा एक खर्च समोर आला: काय बिघडलंय ते नुसतं शोधून काढण्याचा.

सोमवारी सकाळी गाडी चालवायची पाळी माझी होती. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागतात आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतात. त्या दिवशी बाकीचे विझले, इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा तसाच राहिला. गाडी नेहमीसारखीच चालत होती. दिवा लुकलुकत नव्हता, स्थिर होता, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता तसंच बाहेर पडत असतं, ते पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो खराब करतं, म्हणून गाडी बाजूला घ्यावी लागते. स्थिर दिव्यावर जपून घरी किंवा गॅरेजपर्यंत जाता येतं. आरे-वारेचा चढ मी हळू चढवला आणि कामावर पोचले.

दुपारच्या सुट्टीत कॉलेजजवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. त्यांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड आला P0171. म्हणजे इंजिनातलं मिश्रण पातळ: हवेच्या मानाने पेट्रोल कमी. ‘‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय, फिटिंगसकट 5,200 होतील,’’ असं सांगून त्यांनी कोड पुसून दिवा घालवून दिला आणि स्कॅनिंगचे 500 घेतले. दिवा गेला म्हणून मला बरं वाटलं. पण त्या एका बटणाने आमचा पुढच्या चार दिवसांचा वाद ओढवून घेतला होता, हे मला नंतर कळलं.

झालं होतं असं. आदल्या दिवशी, रविवारी, सुहासदादा गाडी घेऊन गुहागरला लग्नाला गेले होते. मालगुंडहून गुहागर म्हणजे जयगडला जाऊन फेरीबोटीने तवसाळला उतरायचं. बोटीवर चढता-उतरताना उतरंडीवर गाडीचं पोट घासू शकतं. ‘5,200’ हा आकडा ग्रुपवर टाकल्यावर मकरंदने सरळ लिहिलं, ‘‘रविवारी गाडी घरच्या कामाला गेली आणि सोमवारी दिवा लागला. मग हा खर्च चौघांत कसा?’’ सुहासदादांनी लिहिलं, ‘‘मी गाडी लावली तेव्हा दिवा नव्हता. बोटीवर घासलीही नाही.’’ त्यापुढे दोन दिवस ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. गाडीतही नाही. वारेच्या खिंडीतून समुद्र दिसतो तिथे विद्याताई रोज काहीतरी बोलतात, त्याही गप्प.

गुरुवारी संध्याकाळी रत्नागिरीहून निघताना दिवा पुन्हा लागला.

त्या रात्री सुहासदादांचा पुतण्या आमच्याकडे आला. त्याच्याकडे ELM327 नावाचं काडेपेटीएवढं यंत्र होतं. ते त्याच सॉकेटमध्ये बसतं आणि ब्लूटूथने मोबाइलवर आकडे दाखवतं. मला तोवर वाटायचं की स्कॅनर फक्त कोड सांगतो. कोड हे नुसतं प्रकरणाचं नाव असतं. दिवा लागतो त्या क्षणी गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, त्या वेळचे आकडे गोठवून ठेवतो. स्क्रीनवर त्याला Freeze Frame म्हणतात. आमच्या गाडीत होतं: इंजिनाचं पाणी 88 अंश, फेरे मिनिटाला 780, वेग शून्य. म्हणजे गाडी गरम होऊन जागेवर उभी होती. आणि खाली दोन ओळी: LTFT +21.9, STFT +7.8.

हे दोन आकडे मी सोपे करून सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. धुराच्या पाइपात इंजिनाजवळ ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन जास्त दिसला की ईसीयू समजतो, पेट्रोल कमी पडतंय, आणि थोडं वाढवतो. कमी दिसला की घटवतो. ही क्षणाक्षणाची दुरुस्ती म्हणजे STFT, आणि बराच काळ तीच दुरुस्ती करावी लागली की ती अंगवळणी पडते, ती LTFT. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास पाच-सातात असली तर ठीक. आमची बेरीज होती जवळपास 30. ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा 30 टक्के जादा पेट्रोल ओतत होता आणि तरीही सेन्सर म्हणत होता, कमी आहे. साहजिकच ॲव्हरेज लिटरला 16 वरून 13 च्या घरात आलं होतं. आम्ही तो दोष पावसाळ्यातल्या खड्ड्यांना देत होतो.

त्याच स्क्रीनवर आणखी दोन आकडे होते. कोड पुसल्यापासून 191 किलोमीटर. दिवा लागल्यापासून 27 किलोमीटर. मी वहीत मांडून पाहिलं. सोमवारची परतीची फेरी 27, मग तीन दिवस रोज जाऊन-येऊन 55, म्हणजे 192. आणि आजचा परतीचा प्रवास 27. एका किलोमीटरच्या फरकाने जुळलं. मग लक्षात आलं की सोमवारी दुपारी कोड पुसायच्या आधी हाच आकडा वाचला असता, तर दिवा रविवारी गुहागरच्या वाटेवर लागला की सोमवारी मालगुंडात, हे तिथेच कळलं असतं. सुहासदादांच्या बाजूचा किंवा विरुद्धचा एकमेव पुरावा 500 रुपये देऊन आम्हीच पुसला होता. म्हणून आता मी कुणालाही सांगते: दिवा लागला तर पुसण्याआधी Freeze Frame आणि हे दोन्ही आकडे यांचा फोटो काढून घ्या. बॅटरीची टर्मिनल काढून दिवा घालवला तरी बहुतेक गाड्यांत हे सगळं जातं.

पुतण्याने दुसरी गोष्ट सांगितली ती मला जास्त मोलाची वाटली. P0171 सारखा दोष एकदा दिसला की ईसीयू लगेच दिवा लावत नाही. तो मनात नोंद करतो, आणि पुढच्या फेरीतही तोच दोष दिसला तर दिवा लावतो. शिवाय LTFT इतका वर चढायलाच वेळ लागतो. म्हणजे दिवा ज्याच्या हातात लागतो, दोष त्याच्या हातून झालेला असतोच असं नाही. हे कळल्यावर मी रात्री अकरा वाजता ग्रुपवर संदेश लिहायला बसले. तीनदा खोडला. पहिल्यात मी सुहासदादांची बाजू घेतल्यासारखं होत होतं, दुसऱ्यात मकरंदला सुनावल्यासारखं. शेवटी गेला तो असा:

‘‘नमस्कार. दिवा आज पुन्हा लागला, फोटो खाली टाकलेत. मिश्रण पातळ असल्याचा कोड आहे, पण कारण काय ते कोडवरून कळत नाही. सेन्सर, पेट्रोलचा दाब, इंजेक्टर, हवेची किंवा धुराची गळती, यातलं काहीही असू शकतं. 5,200 चा सेन्सर अंदाजाने बदलू नये असं माझं मत आहे. कुवारबावच्या मेस्त्रींशी बोलले. शनिवारी गाडी दिली तर ते पूर्ण तपासणी करतील, मजुरी 1,400. काम त्यांच्याकडे केलं तरी हे पैसे त्यातून वजा होणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

माझी विनंती अशी: तपासणीचा खर्च आपण चौघांनी सारखा घ्यावा, कारण काहीही निघो. आज कारण कुणालाच ठाऊक नाही, आणि ते जाणून घेणं चौघांच्याही गरजेचं आहे. दुरुस्तीचा खर्च मात्र कारण कळल्यावर ठरवू. झिजून, गंजून गेलं असेल तर चौघांत. घासल्याची किंवा आपटल्याची ताजी खूण असेल तर गाडी तेव्हा ज्याच्याकडे होती त्याने उचलावा, मग ती मी असले तरी.

मकरंद, तू तीन दिवस येतोस म्हणून तुझा वाटा कमी असावा का, याचा मी विचार केला. पेट्रोलात तसं आहेच. पण गाडी उभी असतानाही खाऱ्या हवेत असते, म्हणून यात सारखा वाटा धरलाय. तुला वेगळं वाटत असेल तर मोकळेपणाने लिही.

1,400 च्या वर खर्च जाणार असेल तर मेस्त्री आधी फोन करतील आणि मी इथे विचारेन, परस्पर हो म्हणणार नाही. सोमवारी मी कुणाला न विचारता 500 घालवले, ते यात धरायचे की मी सोसायचे, हे तुम्ही तिघं ठरवा. उद्या रात्रीपर्यंत सगळ्यांचं हो आलं तर शनिवारी गाडी नेते.’’

विद्याताईंचं ‘हो’ दोन मिनिटांत आलं, सोबत ‘‘ते 500 पण चौघांतच, तू आपल्या गाडीलाच घातलेस.’’ सुहासदादांचं सकाळी. मकरंदचं शुक्रवारी संध्याकाळी आलं, आणि त्याने एक चांगली सूचना केली: ‘‘ताजी खूण कुठली आणि जुनी कुठली हे ठरवणार कोण? मी पण शनिवारी येतो.’’ मी म्हटलं, ये. खर्च वाटून घ्यायचा तर बघणंही वाटून घेतलेलं बरं.

कुवारबावच्या मेस्त्रींनी गाडी आधी लिफ्टवर घेतली. मकरंद मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली उभा राहिला. पुढच्या बंपरच्या ओठावर जुने ओरखडे होते, त्यात माती बसून काळी झालेली. पाइपावर, सायलेन्सरवर, इंजिनाच्या खालच्या पत्र्यावर एकही चकचकीत ओरखडा नव्हता. ‘‘काल-परवा घासलं असतं तर लोखंड पांढरं दिसलं असतं,’’ मेस्त्री म्हणाले. ‘‘इथं चार दिवसांत तांबूस होतं, पण आकार लपत नाही.’’ मकरंदने स्वतः फोटो काढून ग्रुपवर टाकले.

मग पेट्रोलचा दाब. लाइनला गेज लावलं, 3 बारच्या आसपास काटा स्थिर, इंजिन रेटलं तरी पडला नाही. पंप आणि फिल्टर संशयातून सुटले. मकरंदने विचारलं, हल्ली पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल असतं, त्याने दिवा लागला असेल का? मेस्त्रींनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त लागतं आणि जुन्या गाड्यांचे हे आकडे काही टक्के वर जातात. ‘‘चार-पाच टक्के समजू शकतो. तीस नाही.’’

तिसरी तपासणी मला सगळ्यांत आवडली, कारण तिला स्कॅनर आणि ॲक्सिलरेटर एवढंच लागलं. जागेवर सुरू असताना दोन्ही आकड्यांची बेरीज तीसच्या जवळ. मग त्यांनी इंजिन 2,500 फेऱ्यांवर धरलं. मिनिटभरात बेरीज आठच्या खाली आली. पेट्रोल खरंच कमी पडत असतं तर जास्त मागणी असताना आकडा वाढायला हवा होता. इथे उलट झालं. याचा अर्थ कुठूनतरी हवा आत येतेय, आणि ती ठरावीक थोडीशीच असल्याने इंजिन जोरात चालताना तिचा परिणाम विरून जातो. हवा इंजिनात शिरत असेल असं मला वाटलं. मेस्त्री म्हणाले, ‘‘या गाडीत इनटेकमधला, म्हणजे हवा आत जाते त्या वाटेतला, दाब मोजून पेट्रोल ठरतं. तिकडून हवा घुसली तर दाब वाढतो, पेट्रोलही वाढतं, आणि आयडलचे फेरे चढतात. तुमचे 780 वरच आहेत. मी धुराच्या बाजूला बघतो.’’

पण त्याआधी त्यांनी सेन्सर जिवंत आहे का ते पाहिलं. ॲक्सिलरेटर झटक्यात दाबल्यावर त्याचा व्होल्टेज 0.8 च्या वर उडाला, सोडल्यावर 0.1 ला आला, तेही क्षणात. मेलेला सेन्सर असा उड्या मारत नाही. म्हणजे 5,200 चा भाग व्यवस्थित काम करत होता. तो बदलला असता तर नव्या सेन्सरनेही तेच सांगितलं असतं, कारण त्याच्यासमोर खरोखरच जादा ऑक्सिजन येत होता.

तो कुठून, ते दाखवायला त्यांनी इंजिन बंद करून थंड होऊ दिलं. सायलेन्सरच्या तोंडाला फडकं गुंडाळून ब्लोअरची नळी आत दिली, हळू हवा सोडली, आणि पुढे इंजिनाचा धूर गोळा करणारा मॅनिफोल्ड व पुढचा पाइप जोडतात त्या सांध्यावर ब्रशने साबणाचं पाणी लावलं. सांध्याच्या मागच्या अंगाला फेस फुगायला लागला. तिथे दोन स्प्रिंगवाले बोल्ट पाइप आवळून धरतात आणि मध्ये गोल गॅस्केट असतं. एका बोल्टचं डोकं गंजून अर्धं झालं होतं, स्प्रिंग तुटलेली. त्यामुळे सांधा एका बाजूने उकलला होता, आणि भोवती काजळीचा पंखा उमटला होता. आमचा ऑक्सिजन सेन्सर याच्या जेमतेम वीतभर खाली बसतो.

धूर पाइपातून सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने जातो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये क्षणभर पाइप बाहेरची हवा आत ओढतो. जागेवर उभ्या गाडीत धूर थोडा असतो, म्हणून ही शिरलेली हवा सेन्सरला मोठी दिसते. इंजिनातलं मिश्रण मुळात नीट होतं. बाहेरची हवा पाहून सेन्सर म्हणाला पातळ, ईसीयूने विश्वास ठेवून पेट्रोल वाढवलं, आणि आमची गाडी प्रत्यक्षात दाट मिश्रणावर चालत होती. सायलेन्सरच्या टोकाला आतून बोट फिरवलं तर काळं मऊ काजळ लागलं. विद्याताईंना ते कळवलं तेव्हा त्यांनी लिहिलं, ‘‘सकाळी गाडी सुरू करताना टिक-टिक आवाज यायचा तो हाच का?’’ हाच. थंड असताना सांधा जास्त उघडा असतो, तापला की धातू फुगून थोडा मिटतो. तो आवाज दिवाळीच्याही आधीपासूनचा होता. आम्ही चौघांनी तो ऐकला होता.

दुरुस्तीला हात लावण्याआधी मेस्त्रींनी आकडा दिला आणि मी तो ग्रुपवर टाकला: गॅस्केट 380, दोन बोल्ट-स्प्रिंगची जोडी 260, मजुरी 900. गंजलेला बोल्ट खोलताना तुटला तर ड्रिल करून काढायचे आणखी 400. तो तुटलाच. समुद्राकाठच्या गाडीचा पाइपावरचा बोल्ट न तुटता निघाला तर नशीब, असं ते म्हणाले. रोज तापायचं, रात्री खारं दव खायचं, त्याला दुसरं काय होणार. तरी जुने पण शाबूत असलेले इतर बोल्ट त्यांनी उगाच खोलले नाहीत.

त्या रात्रीचा हिशेब: तपासणी 500 आणि 1,400 मिळून 1,900, माणशी 475. दुरुस्ती 1,940, माणशी 485. कारण गंज, म्हणून दोन्ही चौघांत. मी दोन रकमा मुद्दाम वेगळ्या लिहिल्या, एकत्र 960 असं लिहिलं नाही, म्हणजे पुढच्या वेळी कारण वेगळं निघालं तर पहिली ओळ तशीच ठेवून फक्त दुसरी बदलता येईल. सगळ्यांत आधी पैसे आले मकरंदचे. मागोमाग त्याने ग्रुपवर सुहासदादांना लिहिलं, ‘‘दादा, मी घाईने बोललो.’’ दादांनी लिहिलं, ‘‘अरे, मीही तसंच विचारलं असतं. सोमवारी माझ्या घरी चहाला या सगळे.’’

यावेळी कोड पुसण्याआधी फोटो घेतले. पुसल्यानंतर गाडीने 612 किलोमीटर केले आहेत, LTFT +5.5 वर स्थिर आहे, ॲव्हरेज पुन्हा 15.8. पुतण्याचं ते यंत्र मकरंदने मागून घेतलंय. तो येतो त्या सोमवारी, वाटेतल्या चहाच्या टपरीवर गाडी उभी करून इंजिन तसंच चालू ठेवतो, आकडा वाचून दाखवतो, आणि विद्याताई तो डॅशबोर्डातल्या वहीत तारखेपुढे लिहून ठेवतात.